खंडाने केलेल्या रानाचा पुरावा

बार्शीकडे गुढीपाडव्याच्या सुमारास रानांचे व्यवहार ठरतात. कोणी रान खंडाने घेतो, म्हणजे वर्षाची रोख रक्कम आधी मोजून देतो. कोणी वाट्याने किंवा अर्धलीने करतो, म्हणजे खर्चही निम्मा आणि मालही निम्मा. विदर्भात खंडाला ठोका किंवा मक्ता म्हणतात, मराठवाड्यात वाट्याला बटई. नाव काहीही असले तरी व्यवहार बहुतेक ठिकाणी तोंडी होतो. दोन ओळखीची माणसे साक्षीला असतात, पैसे मोजले जातात, चहा होतो. कागद मात्र होत नाही.

अशा एका व्यवहाराचा हिशेब मांडून पाहू. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण चित्र गावोगाव दिसणारे आहे. एका शेतकऱ्याची स्वतःची एक एकर जमीन आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या गावकऱ्याचे शेजारचे पाच एकर, म्हणजे 2 हेक्टर रान त्याने एकरी 12 हजार रुपये खंडाने घेतले. साठ हजार पाडव्याला दिले. जूनमध्ये सहाही एकरांत सोयाबीन पेरले. बियाणे, खत, फवारणी, खुरपणी सगळा खर्च त्याचा. सप्टेंबर 2025 मध्ये सीना आणि तिच्या आसपासच्या नद्यांना पूर आला, सोलापूर जिल्ह्यातली हजारो एकर रानं पाण्याखाली गेली, त्यात याचेही सोयाबीन गेले.

ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने मदत जाहीर केली. कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये आणि रब्बीच्या बियाण्यासाठी आणखी 10,000, तीन हेक्टरांच्या मर्यादेत. या दराने पाच एकरांचे 37,000 रुपये होतात. ते गेले पुण्यातल्या मालकाच्या खात्यावर, कारण सातबारा त्याचा. सहा एकर पेरलेल्या माणसाला त्याच्या एका एकराचे साधारण 7,400 मिळाले. मालकाचे नुकसान शून्य होते, त्याला खंड पाडव्यालाच मिळाला होता.

यात कोणी खोटे बोललेले नाही. पंचनामा बरोबर होता, यादी बरोबर होती, रक्कम बरोबर होती. चूक एकच झाली: शेत कोण करतो हे सरकारी कागदाला माहीतच नव्हते. ते त्याला कसे कळवता येते आणि कुठे कळवूनही उपयोग होत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

सातबारा हा खरे तर दोन नमुन्यांचा जोड आहे. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाची, तिच्यावर कोणाचा हक्क, कोणाचा बोजा. गाव नमुना बारा सांगतो त्या जमिनीत कोणत्या हंगामात काय पिकले. मालकीचा कागद सात आणि पिकाचा कागद बारा, अशी ही वाटणी आहे. जुन्या हस्तलिखित बारामध्ये जमीन करणाऱ्याच्या नावासाठी रकाना असे, आणि शेत कशा पद्धतीने केले जाते हे नोंदवायला ‘रीत’ नावाचा रकाना असे. म्हणजे मालक वेगळा आणि करणारा वेगळा असू शकतो, हे त्या कागदाने गृहीत धरले होते. आज संगणकावरून निघणाऱ्या बाराच्या उताऱ्यावर वर्ष, हंगाम, खाते क्रमांक, पीक, क्षेत्र, सिंचन हे सगळे असते. करणाऱ्याच्या नावाची जागा खाते क्रमांकाने घेतली आहे, आणि खाते हे मालकाचेच असते.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने हे आणखी पक्के केले. मोबाईलवर गाव निवडायचे, खातेदार निवडायचा, गट निवडायचा, रानात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश जातात. ही पाहणी खंडकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून केली तरी चालते, आणि त्याने ती करायलाच हवी, कारण पेरले सोयाबीन आणि उताऱ्यावर दिसतेय तूर किंवा पड, अशी गफलत झाली तर पुढचे सगळे दरवाजे बंद होतात. पण नोंद पडते ती खातेदाराच्या खात्यात. रानात कोण उभा होता हे ते ॲप विचारत नाही.

2024 मध्ये राज्याने 2023 च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी हेक्टरी 5,000 रुपयांचे अर्थसाहाय्य दिले, तेव्हा या नोंदीचे वजन सगळ्यांना कळले. निकष ई-पीक पाहणीचा होता. ज्यांनी पीक घेऊनही पाहणी केली नव्हती त्यांची आधी पंचाईत झाली, आणि ज्या रानांची पाहणी झाली होती त्यांचे पैसे खातेदाराला मिळाले. सामाईक खाते असेल तर बाकीच्या खातेदारांचे ना हरकत पत्र घेऊन एकाच्या खात्यावर रक्कम देण्याची सोय होती. म्हणजे एकाच्या नावची रक्कम दुसऱ्याला देण्याची पद्धत सरकारला माहीत आहे. ती फक्त सहखातेदारांपुरती आहे, खंडकऱ्यासाठी नाही.

मग करणाऱ्याचे नाव कुठेच येत नाही का? येते. त्यासाठी एक स्वतंत्र नमुना आहे, आणि तो बहुतेक शेतकऱ्यांनी कधी पाहिलेला नसतो: गाव नमुना सात-ब.

महसुली अभिलेखांसंबंधीच्या 1971 च्या नियमांमध्ये याची रीत दिली आहे. पीक पाहणी करताना तलाठ्याला (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) असे दिसले की अधिकार अभिलेखात नाव एकाचे आहे आणि प्रत्यक्ष कब्जा-वहिवाट दुसऱ्याची आहे, तर त्याने नमुना 14 भरून तहसीलदाराकडे पाठवायचा. तहसीलदार दोन्ही बाजूंना नोटीस देतो, संक्षिप्त चौकशी करतो, जबाब घेतो, गरज पडली तर स्थळपाहणी करतो आणि निर्णय देतो. त्या निर्णयानुसार सात-बमध्ये नोंद होते. तलाठ्याला स्वतःच्या अधिकारात दुसऱ्याचे नाव घालता येत नाही, हे लक्षात ठेवायला हवे. ‘भाऊसाहेबांना सांगून नाव चढवून घेऊ’ असे जे गावात म्हणतात ते कायद्यात बसत नाही. चढवलेच तर मालक हरकत घेतो आणि ती नोंद टिकत नाही.

सात-बची नोंद मालकी देत नाही. ती त्या काळातली वहिवाट सांगते, एवढेच. पण पीक कर्जाला किंवा मदतीला नेमके तेवढेच हवे असते. शिवाय ती तहसीलदाराच्या चौकशीतून आलेली असते. दोन साक्षीदारांच्या शब्दापेक्षा ती कितीतरी भक्कम.

अडचण वेळेची आहे. ही चौकशी पीक उभे असतानाच अर्थपूर्ण ठरते. सोयाबीन काढून खळ्यावर गेल्यावर वहिवाटीची पाहणी कशाची करायची? म्हणून तहसीलदाराकडचा अर्ज पेरणी उगवल्यानंतर आणि काढणीच्या बऱ्याच आधी गेला पाहिजे. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, पीक, पेरणीची तारीख आणि शेजारच्या चार बांधकऱ्यांची नावे असावीत. दुसरी अडचण अधिक खोल आहे. पूर्वी तलाठी पाहणीला शिवारात येई, तेव्हा त्याला कोण नांगरतोय हे दिसे. आता पाहणी खातेदाराच्या मोबाईलवर आली. जो माणूस नमुना 14 भरणार तोच रानात कमी येतो, त्यामुळे नियम जागेवर असूनही तो सुरू करणारा प्रसंगच घडत नाही. खंडकऱ्याने स्वतः लेखी मागितल्याशिवाय हे चाक फिरत नाही.

आणि त्याने मागितले, तर मालक रान काढून घेतो. सगळ्या विषयाची गाठ इथे आहे.

मालकाची भीती कूळ कायद्याची आहे. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम 1948 चा. पश्चिम महाराष्ट्र, उत्तर महाराष्ट्र आणि कोकणाला तो लागू आहे. मराठवाड्याला हैदराबाद राज्याच्या काळातला 1950 चा, विदर्भाला 1958 चा असे वेगळे कायदे आहेत. 1948 च्या कायद्यात 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी कसत असलेली कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. गावोगावच्या मालकांच्या घरात ती आठवण अजून ताजी आहे. कोणाच्या आजोबांची जमीन कुळात गेली, कोणाच्या चुलत्याने वेळेवर रान काढून घेतले, या गोष्टी आजही पारावर सांगितल्या जातात.

ही भीती नुसती जुनी आठवण नाही. कायद्याच्या कलम 4 प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो. अपवाद मोजके आहेत: मालकाच्या कुटुंबातला माणूस, मालकाच्या देखरेखीखाली काम करणारा मजूर, ताबे गहाण घेणारा, आणि रोख किंवा धान्यात पगार घेणारा नोकर. या शेवटच्या अपवादात एक बारीक अट आहे. पगार पिकाच्या हिश्शात असेल तर अपवाद लागू होत नाही. म्हणून सालगडी कूळ होत नाही, पण अर्धलीने करणारा होऊ शकतो. मालक दरवर्षी वाटेकरी बदलतात किंवा त्याच माणसाला दरवर्षी वेगळा तुकडा देतात, त्याचे कारण हे आहे. करार 11 महिन्यांचा केला की धोका टळतो, असा समज सर्रास आढळतो. कलमाची भाषा मुदतीवर नाही, कायदेशीरपणे कसण्यावर आहे. मालकाला खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही.

कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून झालेला कायदा आज कसणाऱ्याचे नाव कागदावर येऊ देत नाही. 1957 साली त्याने लाखो घरांना जमीन दिली, हे खरेच. पण आज खंडाने करणाऱ्याला मालकी नको आहे. त्याला एका हंगामाची ओळख हवी आहे, आणि कायद्याकडे त्या मधल्या गोष्टीसाठी शब्द नाही.

कर्जाच्या बाबतीत वाट थोडी मोकळी आहे. किसान क्रेडिट कार्डाच्या योजनेत रिझर्व्ह बँकेने पात्र शेतकऱ्यांत जमीनमालकांबरोबर कुळे, तोंडी पट्टेदार आणि वाटेकरी यांची स्पष्ट नावे घेतली आहेत. ‘सातबारा नावावर नाही म्हणून कर्ज नाही’ हे शाखेतले उत्तर योजनेच्या मूळ मजकुराशी जुळत नाही. लहान कर्जांसाठी अशा कसणाऱ्यांच्या बाबतीत स्थानिक प्रशासनाचा किंवा पंचायतीचा पीक लागवडीबद्दलचा दाखला बँकेला स्वीकारता येतो, असेही रिझर्व्ह बँकेने 2007 मध्ये सांगून ठेवले आहे. 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण घेऊ नये असा नियम आहे. म्हणजे कागदावर पाहिले तर खंडकऱ्याला तारणाचा प्रश्न उरत नाही, फक्त तो ही जमीन करतो एवढे दाखवायचे असते.

प्रत्यक्षात बँक दुसऱ्याच गोष्टीला अडते. पीक कर्जाचा एकरी दर जिल्ह्याची तांत्रिक समिती पिकानुसार ठरवते आणि एका रानातल्या एका पिकावर ते कर्ज एकदाच देता येते. पुण्यातल्या मालकाने त्याच पाच एकरांवर सोसायटीतून पीक कर्ज आधीच उचलले असेल, आणि बहुतेकदा उचललेले असते, तर त्याच गटावर खंडकऱ्याला दुसरे कर्ज देणे म्हणजे एका सोयाबीनवर दोन कर्जे. शाखाधिकारी ते टाळणारच. त्यामुळे कर्जाचा विचार करणाऱ्याने रान घेण्याआधी सातबारा काढून इतर हक्काचा रकाना वाचायला हवा. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. तिथे बोजा दिसला, तर या गटावर आपल्याला पीक कर्ज मिळणे अवघड आहे हे पाडव्यालाच कळते, आणि खंड ठरवताना ते बोलता येते.

गावच्या विकास सोसायटीचे गणित आणखी वेगळे. सोसायटीचा सभासद कर्ज घेताना इकरार करून देतो, म्हणजे स्वतःच्या जमिनीवर किंवा जमिनीतल्या कूळ म्हणून असलेल्या हितसंबंधावर बोजा लिहून देतो. तोंडी खंडकऱ्याकडे लिहून देण्यासारखे काही नसते. त्याला सोसायटीचे कर्ज त्याच्या एका एकरापुरतेच मिळते, आणि तीन लाखांपर्यंत वेळेत फेडले तर राज्यात ते बिनव्याजी पडते. उरलेल्या पाच एकरांसाठी तो खत-दुकानदाराकडे उधारी करतो.

या कोंडीवर नाबार्डने काढलेला उपाय म्हणजे संयुक्त देयता गट, बँकेत ज्याला जेएलजी म्हणतात. एकाच गावातले, एकमेकांना ओळखणारे चार ते दहा कसणारे एकत्र येतात, एकमेकांची हमी घेतात, आणि बँक त्या हमीवर कर्ज देते. कोणता माणूस कोणाचे रान करतो हे गटातल्या बाकीच्यांना ठाऊक असतेच, त्यामुळे पुराव्याचे ओझे कागदावरून माणसांवर येते. मालकाची सही लागत नाही. हा यातला सर्वांत मोलाचा भाग. मर्यादाही तिथेच आहे: एकाने थकवले तर सगळ्यांची पत जाते, म्हणून गट करताना नात्यापेक्षा फेडण्याची सवय पाहावी लागते.

पंचायतीचा दाखला मागायला जाताना नुसते ‘अमुक इसम शेती करतो’ असे लिहून घेऊ नये. असा दाखला कोणत्याही शाखेत टेबलावरच राहतो. गट क्रमांक, क्षेत्र, पीक, हंगाम, पेरणीचा महिना आणि कसणाऱ्याचे नाव एवढे त्यात हवेच. त्याला जोडायला हंगामातले कागद जपलेले असावेत. यात सर्वांत उपयोगी पडते ती खताची पावती. अनुदानित खत दुकानातल्या पॉस यंत्रावर खरेदीदाराची ओळख पटवून विकले जाते, त्यामुळे पावतीवर करणाऱ्याचे स्वतःचे नाव येते, मालकाचे नाही. एक एकरवाल्याने सहा एकरांना पुरेल इतके डीएपी घेतले, हे सांगणारा तो कागद आहे. बियाण्याच्या बिलावर वाण आणि लॉट क्रमांक असतो. आडत्याच्या हिशेबपट्टीवर कोणाच्या नावाने किती माल उतरला ते असते. साखर कारखान्याच्या भागात ऊसनोंद करणाऱ्याच्या नावाने झाली असेल तर तोही चांगला पुरावा. पण हमीभावाच्या केंद्रावर माल घातला की हा धागा तुटतो, कारण तिथे पिकाची नोंद असलेला सातबारा मागतात आणि नोंदणी मालकाच्या नावाने करावी लागते.

पीक विम्याचे दार करारानेच उघडते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वाटेकरी आणि भाडेपट्ट्याने करणारे पात्र आहेत, मात्र महाराष्ट्रात त्यांनी नोंदणीकृत भाडेकरार पोर्टलवर चढवावा लागतो. साध्या मुद्रांकावर दोन साक्षीदारांसमोर लिहिलेला कागद चालत नाही. एक रुपयात विमा असताना दुसऱ्याच्या, सरकारी किंवा देवस्थानाच्या जमिनी दाखवून विमा उतरवल्याचे प्रकार उघडकीला आले, त्यानंतर तर ही अट ढिली होण्याची आशा नाही. ती अट समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत खरा खंडकरी मोजतो. काही जण मालकाच्या नावानेच विमा उतरवतात आणि भरपाई आली की मागून घेऊ म्हणतात. ते पूर्णपणे मालकाच्या मनावर असते.

आता मदतीकडे. नैसर्गिक आपत्तीची मदत 33 टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालेल्या पिकाला मिळते. महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत यांचे गावपातळीवरचे कर्मचारी पंचनामा करतात, तहसीलमधून याद्या चढतात, खातेदाराला विशिष्ट क्रमांक मिळतो, तो ई-केवायसी करतो आणि रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यावर येते. 2025 पासून यात शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी आला. तो सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याला तो क्रमांक नाही, आणि क्रमांक नाही तर यादीत नाव येण्याची जागा नाही. इथे दाखला, पावत्या, शेजाऱ्यांचे जबाब काहीही घेऊन गेले तरी यंत्रणेत ते घालायला रकाना नाही. आंदोलने, निवेदने होतात तेव्हा ‘मदत प्रत्यक्ष कसणाऱ्याला द्या’ ही मागणी असते, पण तहसीलदाराला ती मान्य असली तरी त्याच्या हातात असलेली यादी मान्य करत नाही.

तरीही पंचनाम्याच्या वेळी खंडकऱ्याने रानात हजर राहावे आणि आपण हे रान करतो असा जबाब लिहून घेण्याची विनंती करावी. त्या जबाबाने मदत मिळत नाही. पण पुढे मालकाशी रकमेवरून वाद झाला, किंवा तहसीलदाराकडे वहिवाटीचा अर्ज चालू असला, तर त्या तारखेला रानात कोणाचे पीक होते याचा तो सरकारी हातातला कागद ठरतो.

घरातल्या घरात दुसऱ्याच्या नावावरचे रान करणाऱ्यांची गोष्ट वेगळी आणि सोपी आहे, तरी सर्वांत जास्त माणसे इथेच अडकलेली असतात. आजोबांच्या नावावर जमीन, आजोबा जाऊन वीस वर्षे झाली, तिसरी पिढी पेरते आहे. मृताच्या नावाचे ई-केवायसी होत नाही आणि मदत तशीच पडून राहते. इथे पुरावा कसण्याचा नको, वारसाचा हवा. मृत्यूचा दाखला आणि वारसांचा तपशील देऊन तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीतून अर्ज करायचा, नोटिशीची मुदत संपली की मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. 2025 मध्ये बुलढाण्यापासून सुरू होऊन राज्यभर राबवलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम याच कामाची होती. कोणाची हरकत नसेल तर हे काम एक-दोन महिन्यांत उरकते.

यात अवघड जागा आहे ती विधवा सुनेची. जमीन सासऱ्याच्या नावावर, सासरे हयात, नवरा गेलेला. वारसनोंद व्हायला कोणी खातेदार मेलेला नाही असे कार्यालय म्हणते, आणि ते खरे असते, कारण सातबाऱ्यावर नवरा कधीच नव्हता. रान ती करते, पण मदतीला सासऱ्याचे खाते लागते. कूळ कायद्याची भीती इथे नसते, कुटुंबातला माणूस कूळ होत नाही. सासऱ्याचे संमतीपत्र घेऊन त्यांच्याबरोबर सहकर्जदार म्हणून ती बँकेत जाऊ शकते. वडिलोपार्जित जमीन असेल तर नवऱ्याच्या हिश्शाची वाटणी मागू शकते. घर राजी असेल तर वाटणीपत्र, नसेल तर दिवाणी न्यायालय.

आंध्र प्रदेशाने हा प्रश्न दोनदा सोडवून पाहिला, आणि दोन्ही अनुभव महाराष्ट्राला उपयोगी आहेत. 2011 च्या कायद्याने तिथे परवानाधारक कसणाऱ्याला एका वर्षाचे कर्जपात्रता कार्ड दिले. गावसभेत अर्ज करायचा, महसूल अधिकारी पडताळणी करणार, मालकाची सही नको, आणि कार्डाने जमिनीवर कोणताही हक्क मिळणार नाही हे कायद्यातच लिहिलेले. कार्डे निघाली, पण बँकांपुढे तोच प्रश्न आला: मालकाने त्या रानावर आधीच कर्ज घेतले आहे. 2019 मध्ये नवा कायदा आला. त्यात 11 महिन्यांचे पीक लागवडदार हक्कपत्र आहे, ते दाखवून कर्ज, विमा आणि मदत तिन्ही मागता येतात. पण त्यासाठी मालकाची सही लागते. बँकेची शंका मिटली आणि मालकाची भीती परत आली. केंद्रात 2016 मध्ये नीती आयोगाने टी. हक समितीच्या अभ्यासावरून शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा मांडला, त्याचाही गाभा हाच: मालकाची मालकी पक्की ठेवा आणि कसणाऱ्याला हंगामाची ओळख द्या.

महाराष्ट्रात हे करायला फार मोठे पाऊल लागणार नाही. ई-पीक पाहणीत ‘प्रत्यक्ष लागवड करणारा’ असा एक रकाना, त्या नोंदीने कूळहक्क निर्माण होणार नाही अशी कायद्यात स्पष्ट तरतूद, आणि मदतीच्या यादीत सहखातेदाराला चालते तसे संमतीपत्र खंडकऱ्यालाही चालेल असा आदेश. तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. कायद्यातली तरतूद आधी झाली नाही आणि नुसता रकाना आला, तर मालक रान पडीक ठेवतील पण दुसऱ्याचे नाव त्यात येऊ देणार नाहीत.

तोवर जे हातात आहे ते पाडव्याच्या त्या चहाच्या वेळीच करायला हवे. बार्शीच्या त्या शेतकऱ्याने साठ हजार मोजण्याआधी मालकाकडून अर्ध्या पानाचा कागद घेतला असता, की या हंगामात या गटात अमुक पीक अमुक माणूस करणार आहे, आणि पिकाच्या नुकसानीपोटी सरकारकडून वा विम्यातून जी रक्कम मालकाच्या खात्यावर येईल ती महिन्याभरात त्याला दिली जाईल किंवा पुढच्या खंडातून वजा होईल, तर 37,000 रुपयांचा प्रश्न तहसीलच्या दारात गेलाच नसता. हा कागद मदतीच्या यादीत नाव घालणार नाही, विम्याच्या पोर्टलवरही चालणार नाही. पण खातेदाराच्या खात्यावर आलेली रक्कम मागायला तो आधार देतो. शहरात राहून गावची जमीन खंडाने देणारे जे कोणी हे वाचत असतील, त्यांनी यंदा पाडव्याला खंड घेताना या अर्ध्या पानावर सही करावी, आणि पूर आला त्या वर्षी खात्यावर आलेले पैसे ज्याचे पीक वाहून गेले त्याच्याकडे पाठवावेत.